मॉर्फिन घरात आल्यावर

कर्करोगाच्या रुग्णाला "आता घरी न्या" असं सांगितलं जातं, तेव्हा डिस्चार्ज कार्डासोबत बऱ्याचदा मॉर्फिनच्या गोळ्यांची पट्टी हातात पडते. घरी पोचेपर्यंत त्या पट्टीवरून चर्चा सुरू झालेली असते. ही तर अफूची गोळी. सवय लागेल. अगदी शेवटी देतात ती. कुणी मोबाइलवर काहीतरी वाचतं, ओळखीतलं कुणी "शक्यतो टाळा" म्हणतं, आणि पट्टी कपाटात जाते. रुग्ण मात्र रात्रभर उशी पोटाशी धरून बसून राहतो.

मॉर्फिनबद्दल काळजी करण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. पण घरोघरी ज्या गोष्टींची भीती असते त्या सहसा घडत नाहीत, आणि ज्या घडतात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. व्यसनाच्या धास्तीनं गोळी टाळली जाते आणि पाच दिवस पोट साफ झालेलं नाही हे कुणी विचारतही नाही. म्हणून ही गोळी घरात कशी द्यायची आणि देताना नेमकं काय पाहायचं, एवढंच इथं सांगतो. डोसचे आकडे समजावण्यासाठी दिले आहेत. तुमच्या रुग्णाचा डोस त्याचं वय, वजन आणि मूत्रपिंडं पाहून डॉक्टरच ठरवतील.

दुखणं रुपयात मोजा

दुखणं कमी झालं की नाही हे कळायचं असेल तर ते आधी मोजायला हवं. दवाखान्यात शून्य ते दहा अशी पट्टी दाखवतात. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. शिकलेल्या रुग्णाला ते जमतं. गावाकडच्या आजींना दहापैकी किती विचारलं तर त्या गोंधळतात. त्यांना विचारावं, "रुपयात किती दुखतंय?" लगेच उत्तर येतं, "बारा आणे." गोळीनंतर पुन्हा विचारलं की म्हणतात, "चार आणे राहिलंय." डॉक्टरांना फोनवर हेच सांगितलं तरी चालतं.

काही माणसं विचारूनही सांगत नाहीत. मुलांना त्रास नको म्हणून वडील "बरंय" म्हणतात, खर्च वाढेल म्हणून आई गप्प राहते. मग डोळ्यांनी पाहावं लागतं. कूस बदलताना श्वास रोखून धरतात का? कपाळाला आठ्या आहेत का? अंघोळ नको म्हणतात का? एरवी शांत असलेलं माणूस चिडचिड करतंय का? रात्री आडवं न होता बसूनच राहतात का? यातलं काहीही दिसलं तर "बरंय" या शब्दावर विसंबू नका.

दुखण्याची जातही विचारा. खोल, ठणकणारं दुखणं मॉर्फिनला चांगला प्रतिसाद देतं. आग होते, मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखी कळ जाते, असं वर्णन असेल तर मज्जातंतू दाबला गेल्याची शक्यता असते. त्याला एकटं मॉर्फिन पुरत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिनसारखं औषध जोडीला लागतं. एखाद्या हाडातच दुखत असेल तर तिथं रेडिएशन देता येतं, आणि बऱ्याच रुग्णांना त्याची एकच बैठक पुरते. "दुखतंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टर फक्त डोस वाढवतील. "उजव्या मांडीत आग होते आणि रात्री वाढते" असं सांगितलंत तर औषध बदलेल.

गोळी घड्याळावर

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी पायऱ्यांची पद्धत मांडली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, दुसरीवर ट्रामाडॉल किंवा कोडीन, तिसरीवर मॉर्फिन. पुढं या पायऱ्यांवर बरीच चर्चा झाली आणि आता तीव्र वेदनेत डॉक्टर मधली पायरी सोडूनही देतात. पण त्या वेळी सांगितलेल्या दोन गोष्टी घरच्यांसाठी आजही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. शक्य असेल तोवर औषध तोंडानं द्यायचं, आणि ते घड्याळावर द्यायचं.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण अर्ध्या तासात काम करू लागते, तासाभरात तिचा परिणाम सर्वांत जास्त असतो आणि चार तासांत तो ओसरतो. म्हणून ती दर चार तासांनी द्यायची. दुखायला लागल्यावर देऊ, असं ठरवलं की पहिला अर्धा तास रुग्ण तळमळतोच, शिवाय चढलेलं दुखणं उतरवायला औषध जास्त लागतं. विस्तव लहान असताना ओंजळभर पाण्यानं विझतो, वणव्याला ते पुरत नाही. रुग्णाला "आत्ता तर दुखत नाहीये" असं वाटत असतानाही पुढची गोळी द्यायची. दुखत नाहीये ते मागच्या गोळीमुळं.

वेळा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. मध्यरात्री दोनला रुग्णाला उठवावं लागू नये म्हणून रात्री दहाला बहुतेक वेळा दुप्पट डोस लिहून देतात. चिठ्ठीवर तसं लिहिलं असेल तर चूक समजून तो निम्मा करू नका. आणि लिहिलं नसेल तर आपल्या मनानं दुप्पटही करू नका.

या ठरलेल्या गोळ्यांशिवाय एक जादा डोस लिहिलेला असतो. मधेच दुखणं उसळलं तर तो द्यायचा. तो साधारण चार तासांच्या डोसइतकाच असतो. जादा डोस दिला म्हणून पुढची ठरलेली गोळी टाळायची नाही, ती तिच्या वेळेला द्यायचीच. अंघोळ, ड्रेसिंग, दवाखान्यात नेणं अशा हालचालींनी दुखत असेल तर जादा डोस अर्धा-पाऊण तास आधी द्या. गोळी देऊन लगेच ड्रेसिंग करायला घेतलं तर तिचा उपयोग ड्रेसिंग संपल्यावर होतो.

मॉर्फिनच्या गोळ्या दोन प्रकारच्या असतात. साधी गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा मधात देता येते. दुसरी हळूहळू विरघळणारी, बारा तास चालणारी असते. ती कधीही चुरायची, तोडायची किंवा चावायची नाही, कारण मग बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. हातात आलेली गोळी कोणती आहे हे औषध घेतानाच विचारून पट्टीवर पेनानं लिहून ठेवा.

एका घरातले पहिले आठ दिवस

उदाहरणासाठी एक घर घेऊ. एसटीतून निवृत्त झालेले काका, वय सहासष्ट, फुप्फुसाचा कर्करोग बरगड्यांत आणि मणक्यात पसरलेला. दिवसातून चार वेळा ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल चालू होतं, तरी दुखणं बारा आण्यांच्या खाली येत नव्हतं. डॉक्टरांनी ट्रामाडॉल बंद करून मॉर्फिन सुरू केलं. १० मिलीग्रॅमची अर्धी गोळी दिवसातून चार वेळा, रात्री दहाला पूर्ण गोळी. म्हणजे दिवसाला ३० मिलीग्रॅम. जादा डोस अर्ध्या गोळीचा. सोबत रात्री पोट साफ होण्याची गोळी आणि पहिल्या आठवड्यासाठी मळमळीची गोळी.

काकांच्या सुनेनं एक शंभर पानी वही केली. पानावर पाच रकाने: वेळ, काय दिलं, गोळीआधी किती आणे, तासानं किती आणे, शौचाला झालं का. हीच वही पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

पहिल्या दिवशी काका जवळजवळ पूर्ण दुपार झोपले आणि घर घाबरलं. मुलानं दोनची गोळी थांबवायची ठरवली. सुनेनं आधी फोन केला. तिकडून नर्सनं दोनच गोष्टी विचारल्या: हाक मारली की जागे होऊन उत्तर देतात का, आणि मिनिटाला श्वास किती? काका हाकेला डोळे उघडून "चहा झाला का" म्हणाले. श्वास चौदा भरले. नर्स म्हणाली, गोळी द्या. कितीतरी रात्रींची झोप राहिली होती, ती ते काढत होते. मॉर्फिननं येणारी सुस्ती दोन-तीन दिवसांत उतरते. काकांचीही उतरली.

दुसऱ्या दिवशी वहीत तीन जादा डोस होते, तिसऱ्या दिवशी पाच. दिवसात तीनहून जास्त जादा डोस लागले तर कळवा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सुनेनं वहीतले आकडे वाचून दाखवले. ठरलेले ३० आणि जादाचे २५, म्हणजे दिवसाला ५५ मिलीग्रॅम पोटात जात होतं. सुस्ती नव्हती, श्वास ठीक होते, जादा डोसनंतर तासाभरात दुखणं चार आण्यांवर येत होतं. याचा अर्थ औषध लागू पडतंय, फक्त कमी पडतंय. डॉक्टरांनी ठरलेला डोस १० केला, रात्री २०. दिवसाला ६०, आणि जादा डोसही आता १०. पाचव्या दिवशी जादा डोस एकच लागला.

पाचव्या दिवशीच दुसरी अडचण आली. पोट फुगलं, मळमळ सुरू झाली, काका जेवेनात. आजार पोटात पसरला अशी घरात कुजबुज झाली. वहीचा शेवटचा रकाना चार दिवस कोरा होता. काकांनी "खातच नाही तर होणार काय" म्हणून पोट साफ होण्याची गोळी दुसऱ्याच दिवशी बंद केली होती. नर्सनं येऊन तपासलं, गुदद्वारातून औषध दिलं, दुसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं आणि मळमळही गेली. आठव्या दिवशी काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मणक्याच्या दुखण्यासाठी त्यांना रेडिएशनला पाठवलं. त्याचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, पण आला तर मॉर्फिन कमीही करता येतं.

घरोघरची भीती

व्यसन लागेल का, हा पहिला प्रश्न. व्यसनी माणूस औषधासाठी आयुष्य पणाला लावतो, नुकसान दिसत असूनही ते सोडू शकत नाही. दुखणं आटोक्यात आलेला रुग्ण उलट आयुष्यात परत येतो. जेवतो, बोलतो, नातवाला जवळ घेतो. घड्याळावर, योग्य डोसमध्ये मॉर्फिन घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांत व्यसन क्वचितच दिसतं. शरीराला मात्र सवय होते. दोन-चार आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद केली तर घाम, अस्वस्थपणा, जुलाब, नाक गळणं असा त्रास होतो. तसा तो स्टेरॉइड एकदम बंद केल्यावरही वेगळ्या रीतीनं होतो, आणि स्टेरॉइडला कुणी व्यसन म्हणत नाही. गरज संपली की डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात. रुग्णाला पूर्वी दारूचं किंवा नशेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. अशा रुग्णांना मॉर्फिन मिळतच नाही असं नाही, पण गोळ्या थोड्या थोड्या देऊन लक्ष जास्त ठेवावं लागतं.

दुसरी भीती, यानं माणूस लवकर जाईल. जास्त डोस एकदम दिला तर मॉर्फिन श्वास मंद करतं, हे खरं. म्हणूनच ते थोड्यापासून सुरू करून पायरीपायरीनं वाढवतात, आणि श्वासावरच्या परिणामाला शरीर लवकर सरावतं. धाप लागणाऱ्या रुग्णाला तर डॉक्टर थोडं मॉर्फिन मुद्दाम देतात, कारण त्यानं गुदमरल्याची भावना कमी होते. गोळी सुरू केली आणि आठवड्यात माणूस गेलं, असं अनेकांनी पाहिलेलं असतं. त्यातल्या बहुतेक घरांत गोळी फार उशिरा सुरू झालेली असते. आजारच शेवटाला आलेला असतो.

तिसरी भीती थोडी वेगळी आहे. आताच एवढं मोठं औषध दिलं तर पुढं दुखणं वाढल्यावर काय देणार? ट्रामाडॉलला मर्यादा आहे, साधारणपणे दिवसाला ४०० मिलीग्रॅमपलीकडे जात नाहीत. मॉर्फिनला तसा ठरलेला कमाल आकडा नाही. ज्या डोसवर दुखणं आटोक्यात राहतं आणि त्रास होत नाही, तो त्या रुग्णाचा योग्य डोस. शेजारच्या रुग्णाला ३० पुरतात आणि आपल्याला १२० लागतात, यावरून कुणाचा आजार किती वाढलाय हे ठरत नाही.

खरी काळजी इथं

पहिली बद्धकोष्ठाची. मॉर्फिनची सुस्ती आणि मळमळ दिवसागणिक कमी होते, बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. गोळी चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषधही चालूच राहिलं पाहिजे. आतड्याला चालना देणारं औषध, म्हणजे बायसाकोडिल किंवा सोनामुखी, आणि गरज पडल्यास जोडीला लॅक्ट्युलोज, अशी सहसा रचना असते. इसबगोल मात्र इथं चालत नाही. त्याला भरपूर पाणी लागतं. दिवसाला चार-पाच पेलेही पाणी न पिणाऱ्या रुग्णाच्या पोटात तो घट्ट होऊन बसतो. रुग्ण जेवत नसला तरी आतडं स्वतः मळ तयार करतं, म्हणून तीन दिवस शौचाला झालं नाही तर कळवा. आणखी एक फसवी गोष्ट: बरेच दिवस पोट साफ नसताना अचानक थोडं थोडं पातळ होऊ लागतं. घरचे जुलाब समजून औषध बंद करतात. खरं तर अडकलेल्या खड्याच्या कडेनं पातळ झिरपत असतं. आतडं पूर्ण अडलं असेल तर उलट्या येतात, पोट टणक होतं, वाराही सरत नाही. तेव्हा पोट साफ होण्याचं औषध आपल्या मनानं वाढवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

दुसरी काळजी मूत्रपिंडांची. मॉर्फिनचं शरीरात रूपांतर होऊन तयार होणारे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. उलट्या, जुलाब, ताप किंवा पाणी कमी पिणं यांमुळं लघवी कमी झाली की ते साठत जातात, आणि महिनाभर छान चाललेला तोच डोस जास्त होऊ लागतो. याची लक्षणं घरी ओळखता येतात. हातापायांना बारीक झटके बसतात, पेला धरताना हात उडतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, गेलेली माणसं दिसतात. बोलता बोलता रुग्ण झोपतो. अशा वेळी फोन करा. डॉक्टर डोस कमी करतील, दोन गोळ्यांतलं अंतर वाढवतील किंवा फेंटानिलसारखं दुसरं औषध देतील. पायाला सूज आहे म्हणून किंवा जुन्या चिठ्ठीवर होती म्हणून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी मधेच देऊ नका, ती मूत्रपिंडांवरचा भार वाढवते. झोपेच्या जुन्या गोळ्या आणि दारूही नको. मॉर्फिनसोबत त्यांनी श्वास धोकादायक मंद होऊ शकतो.

श्वास मोजायला घड्याळ पुरतं. रुग्ण झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते पूर्ण मिनिटभर मोजा. मॉर्फिन नुकतंच सुरू केलं किंवा वाढवलं असताना रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, आणि श्वास मिनिटाला आठच्या खाली असतील, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

तिसरी गोष्ट मणक्याचा आजार असलेल्यांसाठी. पाठीत नवं, पट्ट्यासारखं दुखणं सुरू झालं, पाय जड वाटू लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी अडली, तर मॉर्फिन वाढवून वाट पाहू नका. मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालयात पोचलं तर पाय वाचण्याची आशा असते. पाय पूर्ण गेल्यावर ती फार कमी उरते.

फेंटानिलची चिकटपट्टी लावलेली असेल तर एक नियम पाळा: तिच्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक नको. उष्णतेनं औषध भराभर अंगात उतरतं. पट्टी बहात्तर तास चालते, पण तिचा परिणाम सुरू व्हायला निम्मा दिवस लागतो. त्यामुळं दुखणं एकदम उसळलं असता ती कामाची नाही. नवी लावताना जुनी काढायला विसरू नका.

गिळता येईना झालं की

शेवटच्या दिवसांत रुग्ण गोळी गिळू शकत नाही, आणि घरच्यांना वाटतं, आता औषध बंद करावं. गुंगीत असलेल्या रुग्णालाही दुखत असू शकतं. शिवाय गोळी एकदम बंद झाली तर शरीराला सवय असल्यानं तळमळ वाढते. अशा वेळी नर्स त्वचेखाली बारीक सुई बसवून देतात आणि त्यातून ठरावीक वेळानं मॉर्फिन देता येतं. शिरेतली सुई लागत नाही, आणि घरच्या एखाद्या माणसाला ते शिकवताही येतं. सुईतला डोस गोळीपेक्षा कमी असतो, साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी. म्हणून गोळीचा आकडा तसाच सुईला लावायचा नाही. ही वेळ येण्याआधीच पुढं कसं करायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवलं की मध्यरात्री धावपळ होत नाही.

या काळात सलाईनचा आग्रह सगळ्यात जास्त होतो. "सलाईन लावा, ताकद येईल" असं पाहुणे म्हणतात. एक लिटर डेक्स्ट्रोज सलाईनमध्ये साखर असते ती पन्नास ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका हलक्या नाश्त्याइतकी ऊर्जा. शेवटाला आलेल्या शरीराला ते पाणीही पेलत नाही. ते पायांत, पोटात आणि छातीत साठतं, घरघर वाढते. भूक जाणं हा आजाराचाच भाग आहे, उपाशी ठेवल्याचा दोष घरच्यांकडं जात नाही. मागितलं तर चमचाभर पेज, ताक, सरबत द्यावं. गिळताना ठसका लागत असेल तर तेही थांबवावं. कोरडं तोंड मात्र खरोखर त्रास देतं. दर दोन तासांनी स्वच्छ ओल्या कापडानं जीभ आणि हिरड्या पुसा, ओठांना खोबरेल किंवा तूप लावा.

घशातली घरघर ऐकून घरच्यांना वाटतं, माणूस गुदमरतंय. गुंगीतल्या रुग्णाला सहसा तिची जाणीव नसते. त्याला एका कुशीवर वळवा आणि डोकं थोडं उंच करा. सक्शनची गरज क्वचित पडते. या टप्प्यात श्वास मंद होतो, मधे थांबतो, पुन्हा सुरू होतो. महिनाभर त्याच डोसवर असलेल्या रुग्णात हा मॉर्फिनचा परिणाम नसतो, शेवट जवळ आल्याची ती खूण असते. ज्यानं शेवटचा डोस दिला त्या मुलाला किंवा सुनेला हे आधी कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर "माझ्या हातून झालं" हा सल आयुष्यभर राहतो.

गोळ्या कुठे मिळतात

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. तरीही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मॉर्फिन मिळत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातले परवाने इतके किचकट होते की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला वेगवेगळ्या परवान्यांशिवाय मॉर्फिन ठेवता येतं. म्हणून चौकशी औषधाच्या दुकानात करण्याऐवजी कर्करोग रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात करा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना ठेवून घेतं आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे.

प्रत्येक वेळी रुग्णाला न्यावं लागतंच असं नाही. नातेवाईक जाऊ शकतात का, कोणते कागद लागतात, हे पहिल्याच भेटीत विचारा. केसपेपर, ताजी चिठ्ठी, ओळखपत्र आणि वही सोबत ठेवा. पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघा. शेवटची गोळी संपल्यावर रविवार आला, असं बऱ्याच घरांत होतं.

घरात गोळ्या कुलपात ठेवा. मुलांच्या हाती एक गोळीही जाता कामा नये, कारण रुग्णाला सहज सोसणारा डोस न सरावलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. त्याच कारणानं आपल्या रुग्णाची गोळी शेजारच्या रुग्णाला देऊ नका, त्याला कितीही दुखत असलं तरी. उरलेल्या गोळ्या दिल्या त्या रुग्णालयात परत करा.

डिस्चार्ज घेण्याआधी

रुग्णालयातून निघण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एवढी उत्तरं लिहून घ्या:

ठरलेला डोस किती, कोणत्या वेळांना, आणि रात्रीचा किती?

जादा डोस किती, दोन जादा डोसांत किमान किती अंतर, आणि दिवसात किती झाले की कळवायचं?

गोळी चुरायची की नाही?

पोट साफ होण्याचं औषध कोणतं, आणि किती दिवस झालं नाही तर फोन करायचा?

मूत्रपिंडांचा शेवटचा रिपोर्ट कसा होता?

गिळता आलं नाही तर औषध कसं द्यायचं, आणि घरी कोण येईल?

रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणत्या नंबरवर फोन करायचा?

शेवटच्या प्रश्नाला "सकाळी ओपीडीत या" असं उत्तर मिळालं तर तिथंच थांबून दुसरा नंबर मागा. जवळच्या पॅलिएटिव्ह केअर पथकाचा, तालुक्यातल्या एखाद्या तयार डॉक्टरांचा किंवा वॉर्डातल्या नर्सचा. बाकीची सगळी उत्तरं बरोबर असली तरी मध्यरात्री दोनला गोळी द्यावी की थांबवावी हे विचारायला माणूस नसेल, तर घाबरलेलं घर ती थांबवतंच.